स्वॅपिंग करूनही गुणाकार तोच येतो. मग क्वांटम रिपीटरचा फायदा नक्की कुठे?

निरुत्तर

गेले दोन आठवडे एंटँगलमेंट स्वॅपिंगबद्दल वाचतोय. एका साध्या हिशेबापाशी घोडं अडलंय, म्हणून हा धागा.

चांगल्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरचा प्रकाश दर किलोमीटरला ०.२ डेसिबलने घटतो. म्हणजे १०० किमीला २० डेसिबल, शंभरातला एक फोटॉन पलीकडे पोचतो. २०० किमीला दहा हजारांतला एक. इथपर्यंत ठीक.

आता पुस्तकं म्हणतात की गुंता लांबवर न्यायला मधोमध एक ठाणं ठेवा, तोच रिपीटर. डावीकडे एक गुंतलेली जोडी, म्हणजे ज्यांच्या मापनांची उत्तरं एकमेकांशी बांधलेली असतात असे दोन फोटॉन, उजवीकडे दुसरी. मधल्या ठाण्यावर आलेल्या दोन फोटॉनांचं एकत्र बेल मापन केलं, म्हणजे एकेकट्याला न मोजता त्यांचं आपसातलं नातं मोजलं, की दोन टोकांचे फोटॉन, जे एकमेकांना कधी भेटलेच नाहीत, ते गुंततात. हेच स्वॅपिंग. सुंदर आहे, १९९८ मध्ये हे प्रयोगाने दाखवूनही झालंय.

पण मधल्या ठाण्यावर दोन्ही फोटॉन एकाच वेळी यायला हवेत ना? डावा येण्याची शक्यता शंभरात एक, उजव्याचीही शंभरात एक. दोन्हींचा गुणाकार दहा हजारांत एक. जिथून निघालो तिथेच परत! वर नुसत्या आरसे-भिंगांनी केलेलं बेल मापन निम्म्याच वेळा यशस्वी होतं, म्हणजे वीस हजारांत एक. रस्त्याचे दोन तुकडे करून परिस्थिती बिघडलीच की.

माझं कुठे चुकतंय?

---

दूरध्वनीकर

तुमचं चुकत नाहीये, फार अवघड वाटेने जाताय एवढंच. मी आयुष्यभर फायबरचीच कामं केली. साधारण दर ८० किमीवर अर्बियमचा अ‍ॅम्प्लिफायर टाकतो आणि समुद्राखालून हजारो किलोमीटर सिग्नल नेतो. इथेही तेच करायचं. रिपीटर म्हणजे दुसरं काय असतं?

---

मीरा_द

@दूरध्वनीकर, तुमच्या सिग्नलच्या एका बिटात हजारो फोटॉन असतात आणि ते सगळे एकाच गोष्टीची री ओढत असतात. त्यांच्या प्रती काढल्या तरी काही बिघडत नाही. इथे एकच फोटॉन आहे आणि त्याची अवस्था आपल्याला ठाऊक नाही. अशा अवस्थेची हुबेहूब प्रत निघत नाही, हे १९८२ मध्ये वूटर्स आणि झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी दाखवलं. अ‍ॅम्प्लिफायर फोटॉन वाढवेल, पण सोबत स्वतःच्या पदरचेही घालेल. त्या गोंधळात गुंता उरत नाही.

---

दूरध्वनीकर

बरं, प्रत नको. मग ठाण्यावर फोटॉन मोजा, काय आलं ते लिहून घ्या आणि तसाच नवा फोटॉन पुढे पाठवा. झालं की.

---

तारतम्य

मोजलात की गुंता तुटला, काका. 🙂

पण तुम्ही म्हणताय तसली व्यवस्था खरोखरच चालू आहे. बीजिंग ते शांघाय सुमारे २,००० किमीची क्वांटम किल्लीची, म्हणजे संदेश कुलूपबंद करायची गुप्त किल्ली फोटॉनांवरून पाठवणारी, लाइन आहे, तिच्यावर ३२ ठाणी आहेत. प्रत्येक ठाण्यावर किल्ली उघडी होते आणि पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा झाकली जाते. म्हणजे प्रत्येक ठाण्यावरच्या माणसावर आणि कुलपावर विश्वास ठेवायचा. गुंतलेली जोडी टोकापर्यंत गेली तर मधल्या कोणावरच विश्वास ठेवावा लागत नाही. खटाटोप त्यासाठी आहे.

---

उडतपक्षी

म्हणजे प्रकाशापेक्षा जलद संदेश जाणार तर! एका टोकाला मोजलं की दुसऱ्या टोकाला लगेच कळणार.

---

मीरा_द

नाही जाणार. मधल्या ठाण्याचं मापन चारपैकी कोणतं आलं हे साध्या मार्गाने कळेपर्यंत दोन्ही टोकांना निव्वळ छापा-काटा दिसतो. तो निरोप प्रकाशाच्याच वेगाने येतो आणि फायबरमधून येत असेल तर त्याहूनही सावकाश, सेकंदाला सुमारे २ लाख किमीने.

---

जुनाजाणता

@निरुत्तर, तुमचा हिशेब बरोबर आहे. पुष्कळ लोकप्रिय लेख इथेच हातचलाखी करतात आणि स्वॅपिंगलाच रिपीटर म्हणून मोकळे होतात. नुसतं स्वॅपिंग म्हणजे रिपीटर नव्हे. फायदा स्वॅपिंगने होत नाही, थांबता येण्याने होतो.

दोन फासे घ्या. दोन्हींवर एकाच फेकीत सहा पडेपर्यंत फेकत राहिलात तर सरासरी ३६ वेळा फेकावं लागेल. आता नियम बदला: ज्या फाशावर सहा पडला तो बाजूला ठेवायचा आणि दुसराच फेकत राहायचं. मग सरासरी ९ फेकींच्या आतच काम होतं. फासे तेच, शक्यता तीच. 'बाजूला ठेवण्याची' मुभा तेवढी मिळाली.

तुमच्या मांडणीत डावा फोटॉन आला आणि उजवा आला नाही तर डावा वाया जातो. ठाण्यावर क्वांटम मेमरी असेल, म्हणजे एखादा अडकवून ठेवलेला आयन किंवा हिऱ्यातला एखादा दोष, तर डावा टप्पा जमला की तो धरून ठेवायचा आणि उजव्याचे प्रयत्न चालू ठेवायचे. दोन्ही जमले की मगच स्वॅप. ब्रीगल, ड्यूर, सिराक आणि झोलर यांच्या १९९८ च्या प्रस्तावाचा हा पाया आहे. तुकडे पाडल्याने गुणाकार टळत नाही. एका टप्प्याच्या अपयशाने दुसऱ्याचं यश वाया जात नाही, म्हणून तो टळतो.

---

निरुत्तर

फाशांनी डोक्यात लख्ख प्रकाश पडला, धन्यवाद. पण लगेच पुढची शंका. डावा टप्पा 'जमला' हे कळणार कसं? फोटॉन आला की नाही हे बघायला गेलं तर तो मोजला जाणार, आणि मोजला की गेला.

---

जुनाजाणता

प्रश्न अगदी मर्मावर आहे. युक्ती अशी की मेमरीत साठवायचा फोटॉन प्रवासाला पाठवायचाच नाही. दोन्ही ठाण्यांवरच्या मेमऱ्या आपापल्या जागी बसून राहतात. प्रत्येक मेमरी स्वतःशी गुंतलेला एकेक फोटॉन बाहेर सोडते. ते दोन फोटॉन टप्प्याच्या मध्यावर अर्धपारदर्शक आरशावर भेटतात आणि डिटेक्टरमध्ये मरतात. ठराविक दोन डिटेक्टर वाजले तर त्या वाजण्यानेच कळतं की दोन मेमऱ्या गुंतल्या. फोटॉन गेले, पण त्यांचं काम झालेलं असतं. वाटेत एखादा हरवला तर डिटेक्टर वाजतच नाहीत, मेमऱ्या पुसायच्या आणि पुन्हा सुरुवात.

म्हणजे इथेही स्वॅपच आहे, फक्त टप्प्याच्या पोटात दडलेला.

---

आकडेमोड्या

आता माझा आवडता विषय आला. १०० किमीचा एक टप्पा घेतो, जुनाजाणतांच्या पद्धतीने.

दोन्ही फोटॉनना ५०-५० किमी जायचं आहे. दोघेही पोचण्याची शक्यता शंभरात एक, आणि बेल मापन निम्म्या वेळा फसतं म्हणून दोनशेत एक. एका प्रयत्नाला वेळ किती? फोटॉनला ५० किमी जायला पाव मिलिसेकंद आणि 'वाजलं' किंवा 'नाही वाजलं' हा निरोप परत यायला पाव. एकूण अर्धा मिलिसेकंद. दोनशे प्रयत्न म्हणजे १०० मिलिसेकंद. एक टप्पा सरासरी एवढ्यात जमतो.

दोन टप्पे दोन्ही जमायला दीडपट, आणि मधला स्वॅप फोटॉनांनीच केला तर पुन्हा निम्म्या वेळा फसणार म्हणून दुप्पट. अंतर दुप्पट केलं की वेळ तिप्पट, हा ठोकताळा. २०० किमीला ०.३ सेकंद, ४०० ला ०.९, ८०० ला २.७ सेकंद.

आता मध्ये काहीही न ठेवता सरळ पाठवा. सेकंदाला अब्ज फोटॉन सोडणारा स्रोत धरू. २०० किमीला सेकंदाला एक लाख पोचतात. ४०० ला दहा. आणि ८०० ला? १६० डेसिबल. दहा लाख सेकंदांच्या दहापट वेळात एक फोटॉन, म्हणजे ११६ दिवस.

२.७ सेकंद विरुद्ध ११६ दिवस! माझ्याकडून विषय संपला.

(मेमरी, डिटेक्टर, सगळं निर्दोष धरलंय. माझ्या वहीत सगळंच निर्दोष असतं.)

---

तारतम्य

तुमच्याच आकड्यांतली दुसरी बाजू तुम्ही पटकन ओलांडून गेलात. २०० किमीला सरळ पाठवून सेकंदाला एक लाख आणि रिपीटरने जेमतेम तीन. म्हणजे रिपीटर सपशेल हरतो. ४०० ला सुद्धा दहाला एक असा हरतो. त्याच्यापुढे कुठेतरी तो जिंकायला लागतो.

कारण उघड आहे. सरळ पाठवणारा उत्तराची वाट बघत नाही, फोटॉन सोडतच राहतो. रिपीटरला मात्र प्रत्येक प्रयत्नानंतर अर्धा मिलिसेकंद हात बांधून बसावं लागतं, कारण मेमरी अडकलेली असते. म्हणून खरी यंत्रं एका मेमरीवर चालणार नाहीत. एकाच ठाण्यावर शेकडो मेमऱ्या किंवा एकाच मेमरीत शेकडो कप्पे हवेत, म्हणजे पहिल्याचं उत्तर येईपर्यंत बाकीच्यांचे प्रयत्न सुरू राहतील.

---

आकडेमोड्या

मान्य. ओलांडून गेलो नव्हतो, पळून गेलो होतो.

---

खिडकीतला

मी अशाच एका प्रयोगशाळेत काम करतो (नाव विचारू नका), म्हणून वहीबाहेरचा एक किस्सा.

आमच्याकडे दोन स्रोत आणि दोन्हीकडे २५ किमी फायबरची रिळं होती. सकाळी बेल मापन उत्तम चालायचं. दुपारनंतर टोकांची जुळणी हळूहळू ढासळायची. गंमत अशी की डिटेक्टरवरच्या फोटॉनांची संख्या जराही कमी व्हायची नाही. 'यशस्वी' म्हणून वाजणाऱ्या घंटाही तेवढ्याच. त्यामुळे तीन दिवस आम्ही सगळा दोष टोकांच्या मापनात शोधत बसलो.

दोष निघाला तापमानात. फायबरमधून जायला लागणारा वेळ दर किलोमीटर, दर अंश सुमारे ४० पिकोसेकंदांनी बदलतो. २५ किमीला एका अंशामागे १ नॅनोसेकंद. एक रीळ खिडकीजवळ होतं, दुसरं आतल्या कपाटात. आमचा फोटॉन नॅनोसेकंदाच्या काही दशांश लांबीचा. दुपारी ऊन आलं की एक फोटॉन आरशावर पोचेपर्यंत दुसरा निघून गेलेला असायचा. तरी दोघेही आमच्या ३ नॅनोसेकंदांच्या मोजणीच्या मुदतीत बसत असल्याने घंटा वाजतच राहायची.

बेल मापन चालतं ते 'हा फोटॉन डावीकडचा की उजवीकडचा' हे कोणालाच सांगता येऊ नये यावर. वेळेवरून ते सांगता आलं की स्वॅप होत नाही, नुसतं वाजणं उरतं.

कसं ओळखायचं? दोन्हीकडून मुद्दाम एकसारख्या ध्रुवीकरणाचे फोटॉन सोडायचे. ते खरंच अभिन्न असतील तर आरशावरून नेहमी जोडीने एकाच बाजूला जातात आणि दोन बाजूंचे डिटेक्टर एकदम वाजणं जवळपास थांबतं. आमच्याकडे सकाळी थांबायचं, दुपारी खुशाल वाजायचं. तेव्हापासून ही चाचणी दर दहा मिनिटांनी आपोआप होते.

---

दूरध्वनीकर

हे मात्र ओळखीचं निघालं! जमिनीत पुरलेल्या फायबरलाही दिवसाचा आणि ऋतूचा चढउतार असतो, आणि कुठे पुलावरून लटकवलेली असेल तर विचारूच नका. आम्हाला त्याने फारसं बिघडत नसे, घड्याळ सिग्नलमधूनच काढायचो. तुम्हाला तर पिकोसेकंदात हिशेब द्यायचाय.

---

मीरा_द

@खिडकीतला, घंटा वाजते पण देव जागा होत नाही, अशातली गत. 😄

या निमित्ताने @आकडेमोड्या यांना एक प्रश्न. तुमचे २.७ सेकंद कबूल. पण आलेली जोडी कोणत्या प्रतीची?

---

आकडेमोड्या

बसलो हिशेबाला. समजा प्रत्येक १०० किमीच्या टप्प्यावरची जोडी ०.९५ फिडेलिटीची, म्हणजे आदर्श जोडीशी ९५ टक्के जुळणारी, आहे आणि दोष पांढऱ्या गोंगाटासारखा सगळीकडे सारखा पसरलेला आहे. मग शुद्ध भाग ०.९३३ निघतो. प्रत्येक स्वॅपमध्ये शुद्ध भागांचा गुणाकार होतो. आठ टप्प्यांचा ०.९३३ चा आठवा घात, सुमारे ०.५८. फिडेलिटी ०.६८ वर आली.

जोडी अजून गुंतलेली आहे, पण किल्ली काढायला गेलं तर २१ टक्के बिट चुकीचे. नेहमीच्या पद्धतीत ११ टक्क्यांच्या वर गेलं की किल्ली शून्य. उलटा हिशेब केला तर प्रत्येक टप्पा निदान ०.९८ च्या आसपास हवा, आणि तोही स्वॅप आणि मेमरी निर्दोष धरून.

वहीला पहिल्यांदाच घाम फुटला.

---

जुनाजाणता

म्हणूनच १९९८ च्या त्या प्रस्तावात स्वॅपिंगच्या जोडीला शुद्धीकरणही होतं. दोन मळकट जोड्या घ्यायच्या, एकीचा बळी देऊन दुसरी तपासायची. दोन्ही टोकांची उत्तरं जुळली तर उरलेली जोडी आधीपेक्षा स्वच्छ असते. जुळली नाहीत तर दोन्ही फेकायच्या. पण त्यासाठी जोड्या दुप्पट लागतात, निरोपांची ये-जा लागते आणि तेवढा वेळ मेमरीने तग धरायला हवा. मेमरी वाट बघताना स्वतः मळते. धुवायला लागणारा वेळच नवा मळ आणतो.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लोकांनी २०२१ मध्ये तीन नोडांचं, म्हणजे तीन ठाण्यांचं, जाळं दाखवलं, हिऱ्यातल्या दोषांवर आधारलेलं. मधल्या नोडवर पहिला गुंता शेजारच्या कार्बन-१३ च्या अणुकेंद्रात ठेवला आणि मग दुसऱ्या बाजूचे प्रयत्न सुरू केले. अडचण काय आली, तर त्या प्रयत्नांच्या लेझर-सूक्ष्मलहरींच्या धक्क्यांनीच शेजारी ठेवलेला गुंता विसकटतो. म्हणजे मेमरीचं आयुष्य सेकंदांत मोजून भागत नाही, 'किती प्रयत्न सोसते' असं मोजावं लागतं. चुंबकीय क्षेत्र वाढवून त्यांनी ती सहनशक्ती वाढवली. पण ते नोड शेजारशेजारच्या प्रयोगशाळांत होते, शेकडो किलोमीटरवर नव्हते.

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या लोकांनी २०२३ मध्ये कॅल्शियमचे दोन आयन एकाच सापळ्यात ठेवून, दोन्ही बाजूंना २५-२५ किमी फायबर लावून असाच मधला नोड चालवून दाखवला. आयनांच्या बाबतीत मधला स्वॅप निम्म्या वेळा फसत नाही, गेट लावून दर वेळी करता येतो. मात्र आयनातून निघणारा फोटॉन ८५४ नॅनोमीटरचा, तो आधी १५५० ला बदलून घ्यावा लागतो, नाहीतर फायबरच त्याला खाऊन टाकतं.

---

उडतपक्षी

एवढ्या उठाठेवीपेक्षा उपग्रह बरा. २०१७ मध्ये चीनच्या मिकियसने १,२०० किमी अंतरावरच्या दोन ठाण्यांना जोडी दिलीच ना? अवकाशात फायबर नाही, खाऊन टाकणारं कोणी नाही.

---

तारतम्य

उडतपक्षींचा हा मुद्दा जमिनीवर उतरला आहे. खरंच, त्यात सेकंदाला साधारण एक जोडी मिळत होती, म्हणजे आकडेमोड्यांच्या वहीतल्या रिपीटरपेक्षा बरी. पण फक्त उपग्रह डोक्यावर असेल तेवढी काही मिनिटं, आणि तेही रात्री, आभाळ निरभ्र असेल तर. मला वाटतं शेवटी दोन्ही लागतील.

---

जुनाजाणता

मला तसं वाटत नाही. टप्पे आखूड करून चुका-दुरुस्तीचे कोड वापरले तर परतीच्या निरोपाची वाट बघणंच संपतं. पण त्यासाठी प्रत्येक ठाण्यावर एक छोटा क्वांटम संगणक हवा. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

---

खिडकीतला

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण निरुत्तरांना आपण सगळ्यांनी थोडं लवकर गप्प केलं. ते म्हणाले, मेमरीविना स्वॅप केला तर गुणाकार तोच येतो. संख्येच्या बाबतीत बरोबर. पण फायदा शून्य नाही.

४०० किमी घ्या. सरळ पाठवला तर दहा कोटींत एक फोटॉन पोचतो. डिटेक्टर काहीही न येता उगाचच दर एक कोटी वेळांत एकदा वाजतो असं धरा. मग प्रत्येक खऱ्या फोटॉनमागे दहा खोटे वाजणार. किल्ली मेली.

आता दोन्ही टोकांना जोडीचे स्रोत ठेवा, एकेक फोटॉन जागीच मोजा आणि दुसरा मध्यावर, २०० किमीवर पाठवा. दोन्ही येण्याची शक्यता तीच, दहा कोटींत एक. पण खोटं यश मिळायला एक खरा यावा लागतो (दहा हजारांत एक) आणि नेमक्या त्याच क्षणी दुसरा डिटेक्टर उगाच वाजावा लागतो (कोटीत एक). दोन्ही बाजू धरल्या तरी पन्नास अब्जांत एकदा. म्हणजे पाचशे खऱ्यांमागे एक खोटा.

जोड्या तेवढ्याच किंवा निम्म्या, पण ओळखू येणाऱ्या. याला लोक रिपीटर न म्हणता रिले म्हणतात. अंतर काही पटींनी वाढतं, घातांकाची घसरण मात्र तशीच राहते.

---

निरुत्तर

म्हणजे माझा गुणाकार बरोबर होता आणि निष्कर्ष अर्धा चूक. इथे हे प्रमाण चांगलंच म्हणायचं.

एक राहिलं. तुमच्या स्रोताने चुकून एकदम दोन जोड्या सोडल्या, तर दोन्ही फोटॉन एकाच बाजूने येऊन मधली घंटा वाजणार नाही का? पलीकडून काहीच न येता?

---

खिडकीतला

वाजते. आणि ती दुपारीच वाजते असं नाही, सकाळीही वाजते. म्हणून स्रोत मुद्दाम मंद ठेवावा लागतो, मग जोड्या आणखी कमी. हा आमच्याकडचा सध्याचा वाद आहे, निकाल लागला की लिहितो.

---

दूरध्वनीकर

रीळ खिडकीपासून हलवलं की नाही ते आधी सांगा.